आठव्या महिन्याचं बाळ आणि फुप्फुसातला पृष्ठताण

"सातव्यातलं लेकरू वाचते, आठव्यातलं नाई वाचत." यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत बाळंतिणीच्या खाटेभोवती बसलेल्या म्हाताऱ्या बायका हे आजही ठामपणे सांगतात. गणित नेमकं उलटं आहे. आईच्या पोटात बाळाचा जेवढा आठवडा वाढतो, तेवढी त्याच्या जगण्याची शक्यता वाढते. सातमाश्या म्हणून जगलेला माणूस गावात साठ वर्षं दाखवला जातो. जे गेले, त्यांची आठवण कोण काढणार? त्यातून महिने मोजण्यात चूक झाली असेल तर तो सातमाश्या खरं म्हणजे आठ महिन्यांचाच असू शकतो.

आठवड्यांनी एवढा फरक पडतो तो मुख्यतः एका स्निग्ध थरामुळे. त्याचं नाव सर्फॅक्टंट.

फुप्फुसाच्या टोकाला वायुकोश असतात, हे शाळेत शिकलेलं असतं. पुस्तकात ते द्राक्षाच्या घडासारखे काढलेले असतात, पण आतून ते ओले असतात, हे चित्रात दिसत नाही. पाण्याचा हवेशी जिथे संबंध येतो, तिथे पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि पृष्ठभाग आकसायला बघतो. हाच पृष्ठताण. सपाट ताटलीतल्या पाण्यात त्याचा त्रास नाही. पण पाण्याचा थर गोल पोकळीला आतून चिकटलेला असेल, तर तो पोकळीच मिटवायला निघतो.

किती जोराने, ते P = 2T/r या सूत्रातून कळतं. T म्हणजे पृष्ठताण, r म्हणजे कोशाची त्रिज्या आणि P म्हणजे कोश उघडा ठेवायला लागणारा दाब. हिशेबापुरती त्रिज्या 50 मायक्रॉन धरू. शरीराच्या तापमानाला नुसत्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.07 न्यूटन असतो. उत्तर येतं 2800 पास्कल, म्हणजे पाण्याच्या 28 सेंटीमीटर उंच स्तंभाएवढा दाब. निरोगी बाळ साधा श्वास घेताना साधारण 5 सेंटीमीटरएवढीच ओढ लावतं. शिवाय त्रिज्या भाजकात आहे. श्वास सोडताना कोश लहान झाला की दाब आणखी वाढतो, त्यामुळे तो आणखी मिटतो. त्रिज्या निम्मी झाली तर 28 चे 56 होतात.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट यापुढे आहे. सर्फॅक्टंट पृष्ठताण कमी करतो, पण तेवढं तर साबणही करतो. साबणाने उतरलेला ताण एका पातळीला जाऊन थांबतो. सर्फॅक्टंटमधला मुख्य रेणू डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन नावाचा एक फॉस्फोलिपिड आहे. त्याचं एक टोक पाण्यात रुतलेलं असतं आणि दोन सरळ शेपट्या हवेकडे उभ्या असतात. कोश फुगलेला असताना हे रेणू विरळ पसरतात आणि ताण 0.025 च्या आसपास राहतो. श्वास सोडला की पृष्ठभाग आक्रसतो आणि हे रेणू यात्रेच्या एसटीत उभ्या प्रवाशांसारखे एकमेकांना खेटतात. शेपट्या सरळ असल्याने ते घट्ट रचले जातात, मध्ये पाण्याला जागा उरत नाही आणि ताण 0.005 च्याही खाली जातो. म्हणजे r कमी होते, तेव्हाच T त्याहून जास्त वेगाने कमी होतो. 40 मायक्रॉनवर आलेल्या कोशाला आता फार तर अडीच सेंटीमीटरचा दाब पुरतो. मिटण्याच्या ऐन क्षणी कोश स्थिर होतो. (खरे कोश सुटे गोल नसतात, शेजाऱ्यांशी त्यांच्या भिंती सामायिक असतात, त्यामुळे हे सूत्र ढोबळच. पण ढोबळपणाने निष्कर्ष बदलत नाही.) हा थर पृष्ठभागावर झटपट पसरवायला एसपी-बी आणि एसपी-सी ही प्रथिनं लागतात. जन्मतः एसपी-बी बनवता न येणारं बाळ पूर्ण दिवसांचं असूनही श्वास टिकवू शकत नाही.

मग हे लवकर जन्मलेल्या बाळाकडे का नसतं? गर्भात फुप्फुस द्रवाने भरलेलं असतं. हवा नाही, म्हणून पृष्ठताणही नाही. सर्फॅक्टंटची गरज पडते ती पहिल्या श्वासाला, आणि शरीर त्या दिवसासाठी साठा करत राहतं. तो बनवणाऱ्या टाइप-2 पेशी साधारण 24 आठवड्यांच्या सुमारास ओळखू येतात, पण तेव्हा त्यांच्यात ग्लायकोजेनच भरलेलं असतं. पुढे ते वापरून फॉस्फोलिपिड बनतात आणि पापुद्र्यांच्या गाठोड्यांत साठतात. शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या अंगात कॉर्टिसोल हे स्टेरॉइड संप्रेरक वाढतं आणि या कामाला वेग येतो. बहुतेक बाळांची तयारी 34-35 आठवड्यांपर्यंत होते. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे वजनाच्या दर किलोमागे सुमारे 100 मिलिग्रॅम साठा असतो. सर्फॅक्टंट कमी पडून श्वासाचा आजार झालेल्या बाळाकडे तो 10 च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. आईला मधुमेह असेल तर ही तयारी आणखी मागे पडते.

समजा, 29 आठवड्यांचं, एक किलोचं बाळ गावातच जन्मलं. रडलं, रंगही बरा वाटला. तासाभरात श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला. आत ओढताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. घरचे म्हणतात, दुखत असेल. खरं तर ते बाळाचं तंत्र आहे. श्वास सोडताना ते कंठ अर्धवट मिटतं, म्हणजे आतला दाब शून्यावर येत नाही आणि कोश पूर्ण मिटत नाहीत. पण एक किलोचं लेकरू हे किती तास करणार? मिटलेला प्रत्येक कोश पुन्हा पहिल्या श्वासाएवढ्या जोराने उघडावा लागतो. त्या ओढाताणीत भिंतीतून प्रथिनं झिरपतात आणि होता-नव्हता तो सर्फॅक्टंटही निकामी करतात.

छाती आत जाते तेव्हा पोट वर येतं. मग "पोट फुगलं" म्हणून मेळघाटात तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. रोग फुप्फुसात आणि डाग पोटावर. आधीच दमलेल्या लेकराला त्यातून फक्त जखम आणि जंतुसंसर्ग मिळतो.

कण्हण्याने बाळ जे करतं, तेच नाकातून सतत दाबाची हवा देणारं सीपॅप यंत्र न थकता करतं. त्याने भागलं नाही तर सर्फॅक्टंटच श्वासनलिकेत सोडतात. जपानच्या फुजिवारांनी 1980 मध्ये गाईच्या फुप्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना देऊन तो काम करतो हे दाखवलं. डुकराच्या फुप्फुसातल्या एका औषधाचा पहिला डोस किलोला 200 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या बाळाला अवघा अडीच मिलिलिटर. पण तो नळीतून, नेमक्या जागी, सरावलेल्या हाताने द्यावा लागतो. गावात ते होत नाही.

गावात होण्यासारखी गोष्ट बाळंतपणाच्या आधीची आहे. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हाउई यांनी 1972 मध्ये दाखवलं की आईला दिलेलं स्टेरॉइड वार ओलांडून बाळाच्या टाइप-2 पेशींना वेळेआधी कामाला लावतं. आपल्याकडे 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामिथाझोन 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, असे चार डोस देतात. पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवायची परवानगी एएनएम सिस्टरला आहे. पूर्ण परिणामाला साधारण एक दिवस लागतो, म्हणून जिल्ह्याच्या गावापर्यंतचे तास वाया घालवायचे नसतात. तो गर्भ 34 आठवड्यांचा होत नाही, पण आजाराचा जोर उतरतो.

बाळ पहिले दोन-तीन दिवस तगलं तर त्याच्या स्वतःच्या पेशी पुरेसा सर्फॅक्टंट बनवू लागतात. याची खूण आधी लंगोटात दिसते. लघवी एकदम वाढते आणि मग ऑक्सिजन कमी करता येतो. 24-25 आठवड्यांच्या बाळाची अडचण मात्र वेगळी आहे. थर पुरवला तरी तो पसरायला लागणारे कोशच त्याच्यात अजून पुरते घडलेले नसतात.