प्लॉटवरील लाइनआउट : 3-4-5 ची पद्धत आणि कर्णांची तपासणी

हे माहितीपत्रक ज्यांच्या घराची जमिनीवरची आखणी, म्हणजेच लाइनआउट, येत्या काही दिवसांत होणार आहे, अशा आमच्या ग्राहकांसाठी आहे. चुन्याची फक्की मारून खोदाई सुरू झाली की कोपऱ्याची चूक दुरुस्त करणे अवघड होते. त्याआधी मात्र ती तासाभरात आणि विनाखर्च सुधारता येते, म्हणून लाइनआउटच्या वेळी आपण स्वतः हजर राहावे आणि पुढील मापे आपल्या डोळ्यांदेखत घेतली जावीत, अशी आमची विनंती आहे.

उदाहरणादाखल रस्त्याच्या बाजूने 26 फूट रुंद आणि मागे 36 फूट खोल असे घर घेऊ. ही मापे कोपऱ्यांवरील कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंतची आहेत. समोरचा डावा कोपरा अ, समोरचा उजवा ब, त्याच्या मागचा क आणि मागचा डावा ड, अशी नावे देऊ.

पहिली दोरी कोणत्या रेषेवर बांधायची, हे आधी ठरवावे लागते. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्याकडील प्लॉट असो, त्याच्या चारही बाजू एकमेकींशी काटकोनात आहेत असे आम्ही कधीही गृहीत धरत नाही. शेजाऱ्याच्या कंपाउंडलाही आम्ही आधार मानत नाही. रस्त्याच्या बाजूचे हद्दीचे दगड शोधून, त्यांना जोडणाऱ्या रेषेपासून मंजूर नकाशातील समोरचे अंतर दोन्ही टोकांना सारखे मोजून अ–ब ही पहिली दोरी आम्ही बांधतो. प्लॉट तिरका असेल तर बाजूची मोकळी जागा पुढे-मागे काही इंचांनी कमी-जास्त भरेल. ती जिथे सर्वांत कमी आहे तिथेही मंजूर नकाशाइतकी असली पाहिजे. घर मात्र गुण्यातच, म्हणजे काटकोनातच, राहावे.

यानंतर अ या कोपऱ्यावर काटकोन काढायचा असतो. ज्या त्रिकोणाच्या बाजू 3, 4 आणि 5 या प्रमाणात असतात, त्याच्या लहान दोन बाजूंमधील कोन काटकोन असतो, कारण 3 चा वर्ग 9 आणि 4 चा वर्ग 16 मिळून 5 चा वर्ग 25 होतो. फूट असो वा मीटर, प्रमाण तेच राहते. अ पासून ब च्या दिशेने 18 फुटांवर दोरीवर खूण करावी. एका टेपचे शून्य अ वर आणि दुसऱ्याचे त्या खुणेवर धरून, पहिल्यावरचे 24 फूट आणि दुसऱ्यावरचे 30 फूट जिथे एकमेकांना मिळतील तिथे खुंटी ठोकावी. अ पासून या खुंटीवरून दोरी सरळ पुढे नेली आणि 36 फूट मोजले की ड मिळतो.

नुसते 3, 4 आणि 5 फूट न घेता ही सहापट मोठी मापे आम्ही का घेतो, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, सर्वांत लांब बाजू धरताना दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची, चूक झाली. त्रिकोण 3-4-5 फुटांचा असेल तर 36 फूट मागे जाईपर्यंत ती चूक वाढत सुमारे पावणेचार इंच होते. 9-12-15 चा त्रिकोण घेतला तर ती सव्वा इंचावर येते आणि 18-24-30 मध्ये जेमतेम पाच सूत राहते. गवंड्याचा हातातला लोखंडी गुण्या विटांच्या कोपऱ्याला योग्य आहे, पण त्यावरून घराची लाइन काढू देऊ नये.

आता ब पासून 36 फूट आणि ड पासून 26 फूट जिथे मिळतील तिथे क ची खुंटी येते. समोरासमोरच्या बाजू पुन्हा मोजाव्यात आणि त्या सारख्या भरल्यावरच कर्णांकडे वळावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. बाजू सारख्या असूनही चौकोन तिरका असू शकतो आणि तो तिरकेपणा कर्णांत दिसतो. उलट, मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन्हीकडून सारखीच आखूड असेल तर कर्ण तंतोतंत जुळतात, पण घर चौकोनी नसते. म्हणून केवळ “कर्ण जुळले” एवढ्यावर समाधान मानू नये.

आपल्या उदाहरणात 26 चा वर्ग 676 आणि 36 चा वर्ग 1296. त्यांची बेरीज 1972 आणि तिचे वर्गमूळ 44.407, म्हणजे प्रत्येक कर्ण 44 फूट 4 इंच 7 सूत यायला हवा. समजा, अ–क हा कर्ण 44 फूट 5 इंच 7 सूत आणि ब–ड हा 44 फूट 3 इंच 7 सूत भरला. फरक दोन इंचांचा आहे. अशा वेळी एकटी क ची खुंटी आत सरकवून कर्ण जुळवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास बाजूंची मापे बिघडतात. अ आणि ब ला हात न लावता क आणि ड या दोन्ही खुंट्या मागच्या रेषेवरूनच, लांब कर्ण आखूड होईल त्या दिशेला, म्हणजे इथे डावीकडे, सारख्याच सरकवाव्यात. किती, हे काढण्यासाठी फरकाला कर्णाने गुणून रुंदीच्या दुपटीने भागावे : 2 गुणिले 44.4 भागिले 52, म्हणजे सुमारे 1.7 इंच. सरकवल्यावर चारही बाजू आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजावेत. एवढ्या मापाच्या घराला कर्णांतील फरक दोन सुतांच्या आत आल्याशिवाय आम्ही फक्की मारत नाही. हा 1.7 इंचांचा तिरकेपणा तसाच राहिला, तर 12 फुटांच्या खोलीत भिंतीलगतच्या फरशीचा तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेचार सुतांनी निमुळता होत जातो आणि स्कर्टिंगजवळ तो सहज नजरेत भरतो.

मापे चुकण्याचे सर्वांत मोठे कारण जमिनीचा उतार हे असते. टेप जमिनीवर टेकवून मोजली तर उताराची लांबी मिळते, तर घराला आडवी लांबी हवी असते. मागची बाजू दोन फूट खाली असेल तर उतारावर मोजलेले 36 फूट प्रत्यक्षात सुमारे पाच सुतांनी कमी भरतात. अशा वेळी दोन्ही कर्ण सारखेच चुकतात आणि आपसांत जुळतात, त्यामुळे ते समपातळीत मोजून हिशोबाच्या आकड्याशीही ताडून पाहावे लागतात. टेप समपातळीत ताणून ओळंब्याने खाली खूण उतरवणे, हाच यावरचा उपाय आहे. सर्व मापे एकाच स्टीलच्या टेपने, त्याच दोघांनी, सारख्या ताणाने घ्यावीत. टेपचे टोक झिजलेले असल्यास एका फुटाच्या खुणेपासून मोजावे आणि तो फूट वजा करण्याचे लिहिणाऱ्याने मोठ्याने बोलून दाखवावे.

कोपऱ्याच्या खुंट्या खोदाईत निघून जातात. त्यासाठी प्रत्येक रेषा दोन्ही टोकांना तीन-चार फूट बाहेर वाढवून तिथे बुर्जी, म्हणजे छोटा पक्का खांब, बांधून घेतो आणि तिच्या माथ्यावर रेषेचा खिळा बसवतो. सोलापूरच्या काळ्या मातीत हे काम वरवर करून चालत नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि तिच्यात बसवलेली बुर्जी तिच्याबरोबर हलते. मुरूम हाताशी असेल तिथे बुर्जीचा पाया मुरमापर्यंत नेतो. माती खोल असेल तर बुर्जीभोवती काँक्रीट भरतो, तरीही तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. लाइनआउट आणि खोदाई यांच्यामध्ये मोठा पाऊस झाला असल्यास खिळ्यांवरून दोऱ्या पुन्हा बांधून, जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथून दोन्ही कर्ण परत मोजावेत. फूटिंगच्या काँक्रीटवर कॉलमच्या खुणा करण्यापूर्वी हेच माप आणखी एकदा घेतले जाईल आणि दोन्ही वेळचे आकडे असलेला कागद आपल्या सहीसाठी साइटवर ठेवलेला असेल.