गुरुपौर्णिमेचं मनोगत : तीन मिनिटांमागची पार्श्वभूमी

आमच्या नाशिकच्या गायनवर्गात गुरुपौर्णिमेला एक शिष्य मनोगत मांडतो. वेळ तीन मिनिटं. यंदा ज्यांना बोलायचं आहे त्यांनी विचारलं की हे बंधन आलं कुठून, आणि इतर शिक्षकांची नावं घेतली तर चालतात का. उत्तर लांबलं, म्हणून लिहून काढतो आहे.

जुना काळ थोडक्यात सांगतो. गुरूबद्दल बोलताना मराठीत हात आखडता घेण्याची रीत नव्हती. गीतेतल्या 'आचार्योपासनम्' या एका शब्दावर ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात पाऊणशेहून अधिक ओव्या खर्च केल्या. ज्या गुरूंना डोळ्यांपुढे ठेवून त्या लिहिल्या, त्या निवृत्तीनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरी आहे. त्या तोलाचं बोलणं आपल्याला जमणार नाही, हे मान्य करूनच आपलं मनोगत सुरू होतं.

खरा घोळ शब्दांचा आहे आणि तो दरवर्षी नव्यानं होतो. कार्यक्रमपत्रिकेवर कधी 'आभार' छापलं जातं, कधी 'कृतज्ञता', आणि बोलणारा हमखास म्हणतो, "मी बाईंचा उतराई होऊ शकत नाही." हे तीन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. हॉल देणाऱ्याचे, माईकवाल्याचे, चहा करणाऱ्यांचे आभार मानायचे असतात. ते कार्यक्रमाच्या शेवटी मानले जातात आणि तिथे तो व्यवहार संपतो. 'उतराई'त ऋण फेडून मोकळं होण्याची कल्पना आहे. 'कृतज्ञ' या शब्दात मात्र फेडण्याचा मुद्दाच नाही. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी नेमकं काय केलं गेलं हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. त्यामुळे मनोगतात बोलणाऱ्यानं एवढंच सांगायचं असतं की बाईंनी माझ्यासाठी अमुक केलं आणि ते मला कळलं आहे. ते काय, हे सांगितलं नाही आणि नुसतं "शब्द अपुरे पडतात" म्हटलं, तर मनोगत झालंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ऋणाचं. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत. देवांचं यज्ञानं फिटतं, पितरांचं संततीनं आणि ऋषींचं ब्रह्मचर्यानं, म्हणजे अध्ययनात घालवलेल्या काळानं. शिकवणाऱ्यांचं ऋण फेडायचं ते शिकून, अशी ही जुनी समजूत आहे. नाशिकला तिचं एक उदाहरण अगदी जवळचं आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात ते पंचवटीतल्या आपल्या रामनाम आधाराश्रमात राहिले. त्यांचा मुलगा दत्तात्रेय 1921 चा, जन्म नाशिकचा. वडील 1931 मध्ये गेले तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. पुढे त्याला शिकवलं ते वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात गायला. गुरूकडून मिळालेलं शिष्यांनी गुरूच्या मुलाच्या गळ्यात उतरवलं. ऋण परत गेलं, पण भाषणातून नव्हे.

त्याच गांधर्वच्या पद्धतीमुळे आणखी एक बदल झाला. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आल्या. प्रारंभिकला एक शिक्षक, मध्यमेला दुसरे, विशारदला तिसरे, असं अनेकांचं होऊ लागलं. गंडा बांधून एकाच घरी बारा वर्षं राहिलेल्या शिष्यापुढे 'माझे गुरू कोण' हा प्रश्न नव्हता. आपल्यापुढे तो आहे.

आमच्या वर्गातला वाद इथूनच निघाला. काही वर्षांपूर्वी एका मुलानं मनोगतात आपल्या गावच्या पेटीवाल्या मास्तरांचं नाव आधी घेतलं आणि बाईंचं नंतर. ज्येष्ठांपैकी दोघांना ते खटकलं. गुरुपूजनाच्या दिवशी, गुरूंसमोर, दुसऱ्याचं नाव आधी घेणं हा अवमान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामागे रीत आहे हे खरं. गुरूचं नाव घेताना आपण कानाला हात लावतो, ते उगाच नाही. पण उलट बाजूही होती. बाईंकडे येण्याआधी ज्यानं सूर ओळखायला शिकवलं, त्याला वगळून कृतज्ञता पुरी कशी होणार? दोन बैठकी झाल्या. शेवटी ठरलं की आधीच्या शिक्षकांची नावं घ्यावीत, पण प्रत्येकानं काय शिकवलं हे एका वाक्यात सांगून. नुसती यादी नको. आणि बोलणं तीन मिनिटांत संपवायचं. हा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. ते दोघे ज्येष्ठ अजूनही नाराज आहेत, हेही नोंदवतो.

त्याच वेळी मनोगताची जागाही बदलली. पूर्वी ते गाण्याआधी असे. बोलता बोलता गळा दाटून येई, आणि लगेच तानपुऱ्यावर बसल्यावर षड्जच लागत नसे. आता बोलणाऱ्याचं गाणं आधी होतं, मनोगत नंतर.

गेल्या वर्षीचं उदाहरण देतो. बोलणारी मुलगी नोकरी करून शिकणारी. तिचा पहिला खर्डा वाचायला आठ मिनिटं लागत होती आणि त्यात बाई 'ज्ञानाचा सागर', 'मायेची सावली', 'दीपस्तंभ' असं सगळं होत्या. मी तिला विचारलं, बाईंनी तुला नेमकं काय दिलं? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "भैरवातला रे."

मग ते निघालं. भैरवाचा कोमल रिषभ ती सरळ, ताठ लावायची, आणि आंदोलन घ्यायला गेली की स्वर थरथरायचा, वरही सरकायचा. बाईंनी दोन महिने तिला बंदिशच दिली नाही. रोज फक्त 'ग म रे सा', तानपुऱ्यावर, अगदी संथ. रिषभावर थेट उडी घ्यायची नाही, वरून उतरत त्याच्यापाशी यायचं, हलकं झुलायचं आणि षड्जावर टेकायचं. तिला वाटायचं बाई आपल्याला मागे ठेवताहेत, कारण बरोबरच्या मुली तानांपर्यंत पोचल्या होत्या. दोन वेळा वर्ग सोडायचा विचार मनात आला. एका सकाळी रे आपोआप जागेवर आला. बाईंनी फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, "आता बंदिश लिहून घे."

मनोगतात एवढंच राहिलं. वर्ग सोडावासा वाटला होता हे सांगायला ती कचरत होती. मी आग्रह धरला, कारण त्याशिवाय बाईंच्या दोन महिन्यांच्या धीराची किंमत ऐकणाऱ्याला कळली नसती. स्वतःच्या परीक्षेचा निकाल आणि मिळालेलं बक्षीस मात्र तिनंच खोडलं. 'आता मला भैरव येतो' हे वाक्यही तिनं बदलून 'आता चुकलेला रे मला ऐकू येतो' असं केलं.

त्या दिवशी बाहेर पाऊस होता आणि माईक मधूनच बंद पडत होता. ती दोन मिनिटं चाळीस सेकंद बोलली. आधी शाळेतल्या त्या शिक्षिकेचं नाव घेतलं, जिनं तिला प्रार्थनेच्या ओळीतून बाहेर काढून एकटीला गायला लावलं होतं. मग बाईंचं. दोन्ही वेळा तिचा हात कानाकडे गेला.