कॉफीत सोया दूध का नासतं?

कपभर गरम काळ्या कॉफीत थोडं सोया दूध ओतलं की कधीकधी पांढरे कण वर येतात आणि खाली तपकिरी पाणी उरतं. पाकीट ताजं असतं, तारीख उलटलेली नसते, तरी कपात चोथापाणी. बिघाड दुधात नसतो, कॉफीच्या आंबटपणात असतो.

सोया दुधात १०० मिलिलिटरमागे सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं असतात. दुधाचा पीएच ७ च्या आसपास असताना त्यांच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून कण पाण्यात तरंगत राहतात. आंबटपणा वाढून पीएच साडेचार ते पाचच्या दरम्यान उतरला की हा भार जवळपास नाहीसा होतो आणि कण एकमेकांना चिकटतात. काळ्या कॉफीचा पीएच साधारण ५ असतो, हलक्या भाजणीची कॉफी आणखी आंबट. शिवाय उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडलेल्या असतात, त्यामुळे चिकटणं झपाट्याने होतं. पाकिटात वरून कॅल्शियम घातलेलं असेल तर तेही कणांना जोडतं. टोफू बनवताना हेच मुद्दाम केलं जातं.

आता प्रमाण पाहा. ३० मिलिलिटर एस्प्रेसोत १५० मिलिलिटर सोया दूध घातलं, तर मिश्रणाचा पीएच दुधाच्याच जवळ राहतो आणि बहुधा काही बिघडत नाही. उलट २०० मिलिलिटर काळ्या कॉफीत दोन चमचे दूध घातलं, तर ते कॉफीच्याच पीएचवर जाऊन पोहोचतं. म्हणून आधी कोमट दूध कपात घ्यावं आणि कॉफी मिनिटभर निवू देऊन हळूहळू त्यात ओतावी. बरिस्टांसाठीच्या पाकिटांवर बहुधा डायपोटॅशियम फॉस्फेट लिहिलेलं दिसतं. ते आम्ल शोषून घेतं आणि कॅल्शियमलाही अडकवून ठेवतं. माझ्या मते पाकीट निवडताना पहिल्यांदा हेच नाव शोधावं.

वाफ देताना मात्र हीच प्रथिनं कामाला येतात. हवेच्या बुडबुड्याभोवती ती पातळ पडदा धरतात, म्हणून सोयाचा फेस चांगला जमतो. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावं. त्याच्या फार पुढे गेलं की दूध दाणेदार होऊ लागतं.

बदामाच्या दुधाची गोष्ट थोडक्यात संपते. विकतच्या पाकिटात बदाम बहुधा दोन-तीन टक्केच, प्रथिनं अर्धा ग्रॅमच्या आसपास. फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि लवकर बसतो. नासलं तरी मोठे गोळे दिसत नाहीत, बारीक कणांनी कॉफी गढूळ होते.

ओटच्या दुधातही प्रथिनं १०० मिलिलिटरमागे १ ग्रॅमच्या आसपासच, पण त्याला दाटपणा देणारं बीटा-ग्लुकन हे तंतुद्रव्य असतं. त्यामुळे बुडबुड्यांमधलं पाणी सावकाश निथळतं. विकराने पिष्टाची माल्टोज ही साखर केलेली असल्याने ते वरून साखर न घालताही गोड लागतं. चिकटायला प्रथिनंच थोडी, म्हणून त्याच आंबट कॉफीत ते सोयापेक्षा जास्त टिकतं.