मातीचा गिलावा : साहित्याचा हिशोब (सोलापूर परिसर)

माती, भुसा आणि शेण पाण्यात मुरवून केलेल्या चिखलाचा जो थर घराच्या भिंतीवर चढवतात, त्यास मातीचा गिलावा किंवा लिंपण म्हणतात. त्यावरून शेणामातीचा जो पातळ हात फिरवतात ते सारवण होय. भिंतीचे क्षेत्रफळ आणि थराची जाडी कळली की तिन्ही वस्तू किती लागतील हे आधी काढता येते.

सोलापूर जिल्ह्यातील धाब्याच्या जुन्या घरांना प्रामुख्याने पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातील माती वापरलेली दिसते. शेतातील काळी माती चिकट असली तरी ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे ती एकटी लावल्यास भिंतभर भेगा पडतात. नाइलाजाने ती घ्यावीच लागली तर तिच्यात चाळलेला बारीक मुरूम किंवा वाळू मिसळावी लागते. किती मिसळायची हे पुस्तकावरून ठरत नाही, कारण एका शिवारातील माती दुसऱ्या शिवारासारखी नसते. म्हणून वेगवेगळ्या प्रमाणांचे फूटभर चौरसाचे नमुने भिंतीवरच लावून सुकू द्यावेत आणि ज्यात भेगा नाहीत व बोटाने घासल्यावर भुकटी सुटत नाही तो निवडावा.

हिशोबासाठी २० फूट लांब व ९ फूट उंच भिंतीची एक बाजू घेऊ. तिचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट. त्यातून ३ × ६.५ फुटांचे दार आणि २ × २.५ फुटांची खिडकी वजा केल्यास १५५.५ चौरस फूट उरतात. थर एक इंचाचा, म्हणजे फुटाचा बारावा भाग, धरल्यास भिंतीवर बसणारा गिलावा सुमारे १३ घनफूट होतो. जुनी भिंत क्वचितच सपाट असते, आणि खळगे भरण्यात व खाली सांडण्यात काही चिखल जातोच, म्हणून पाचवा हिस्सा वाढवून १५.५ घनफूट धरावेत. कोरडी, भुसभुशीत माती पाण्याने दबते व आटते, त्यामुळे या आकड्याला १.३ ने गुणावे लागते. अशी सुमारे २० घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा माती लागते आणि तिचे वजन सात क्विंटलांच्या आसपास भरते.

भुशाचे मान लक्षात ठेवायला सोपे आहे. घनमीटरभर मातीस ३५ किलो हे प्रचलित प्रमाण घनफुटाला एक किलो इतकेच पडते, म्हणून येथे २० किलो कोरडा भुसा लागेल. तो भिजवण्यापूर्वीच तोलावा. भिजल्यावर तोलल्यास वजन पाण्याचे येते आणि भुसा कमी पडतो. गव्हाचा भुसा बारीक असल्याने वरच्या थराला उत्तम. ज्वारीचा कडबा ताठ असतो; तो बोटाच्या दोन पेरांहून लांब राहिला तर थापीखाली उभा राहतो. म्हणून त्याची कुट्टी करून फक्त खालच्या थरात घालावी. कडबा जनावरांचा चारा असल्याने गोठ्यात उरलेले चघळ वापरणे अधिक शहाणपणाचे.

शेण सगळ्या मातीत घालण्याची गरज नसते. पाऊण इंचाचा खालचा थर माती-भुशाचा पुरतो आणि वरच्या पाव इंचात, म्हणजे सुमारे ५ घनफूट मातीत, एक घनफूट ताजे शेण मिसळतात. त्याचे वजन तीसेक किलो होते. सारवणाला शेण व चाळलेली माती समभाग घेतात, त्यासाठी आणखी दहा-बारा किलो शेण पुरते. मोठी दोन जनावरे दोन दिवसांत एवढे शेण देतात, त्यामुळे ते साठवून वाळवण्याऐवजी कामाच्या आधीच्या दोन दिवसांत गोळा करणे बरे.

माती व भुसा खड्ड्यात भिजवून आठवडाभर मुरवतात आणि रोज पायांनी तुडवतात. भुसा कुजू लागून उग्र वास आला व चिखल हाताला बुळबुळीत लागू लागला की तो तयार झाला असे समजतात. थर चढवण्यापूर्वी भिंत पाण्याने भिजवावी, नाहीतर ती चिखलातील पाणी शोषून घेते आणि गिलावा आतून सुटतो; अशा ठिकाणी टकटक केल्यास पोकळ आवाज येतो. उन्हाळ्यात भुसा मुबलक असला तरी उन्हाने थर वरून पटकन वाळून तडकतो, म्हणून काम उन्हे कलल्यावर हाती घ्यावे. खालचा थर पुरता सुकून त्याच्या भेगा उघड झाल्यावरच वरचा चढवावा.

हिशोब चुकतो तो बहुधा जाडीत. दीड इंचाचा थर झाला तर माती २० ऐवजी ३० घनफूट लागते, भुसाही तितकाच वाढतो. म्हणून दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणावी, दहा-बारा जागी दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यांची सरासरी हीच जाडी धरावी. तसे केल्यास खळगे त्या सरासरीतच येतात, मग पाचवा हिस्सा न वाढवता सांडण्यापुरता विसावा हिस्सा वाढवावा.