चिपमधून निघणारा एकवेळचा क्रिप्टोग्राम

चिप असलेले बँक कार्ड मशीनमध्ये घातले की ती चिप कार्डाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख मशीनला सहसा उघडपणेच वाचू देते. तिचे मोलाचे काम त्यानंतर सुरू होते. हे कार्ड अस्सल आहे आणि ते याच व्यवहारासाठी, याच रकमेला वापरले गेले आहे, याचा पुरावा ती तयार करते. हा पुरावा म्हणजेच क्रिप्टोग्राम, अवघ्या ८ बाइटांचा.

समजा, खरेदी १,२५० ची आहे आणि चिपमधला व्यवहारांचा गणक ७१ वर आहे. व्यवहार सुरू होताच चिप तो ७२ करते. हा गणक मागे फिरवता येत नाही. मशीन चिपला रक्कम ००००००१२५००० अशा बारा अंकांत (शेवटचे दोन अंक दशांशाचे), चलनाचा संकेतांक, तारीख आणि स्वतः निवडलेली ४ बाइटांची यादृच्छिक संख्या कळवते. चिपमध्ये त्या कार्डापुरती एक गुप्त किल्ली असते, जी कधीच बाहेर येत नाही. त्या किल्लीपासून आणि ७२ या आकड्यापासून चिप सहसा फक्त या व्यवहारापुरती किल्ली बनवते आणि तिच्या साहाय्याने वरील सर्व माहितीवर गणित करून क्रिप्टोग्राम काढते.

बँकेकडे प्रत्येक कार्डाची किल्ली साठवलेली असावी लागत नाही, ही या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी बाब आहे. बँकेची एक मुख्य किल्ली सुरक्षित यंत्रात बंद असते. तिच्यापासून आणि कार्डाच्या क्रमांकापासून त्या कार्डाची किल्ली हवी तेव्हा पुन्हा काढता येते. मग बँक तेच गणित स्वतः करते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहते. वाटेत कोणी रकमेतला एक अंक जरी बदलला, तरी उत्तर जुळत नाही. जुना क्रिप्टोग्राम पुन्हा पाठवल्यास ७२ हा आकडा आधीच वापरला गेल्याचे बँकेला दिसते. मध्ये एखादा आकडा गळलेला दिसला, तर मात्र लगेच संशय घेण्याचे कारण नसते, कारण अर्धवट राहिलेल्या व्यवहारातही गणक पुढे सरकतो.

कच्चा दुवा मशीनकडच्या संख्येत राहू शकतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की काही मशीनमधली ही संख्या यादृच्छिक नव्हतीच. एका एटीएमच्या नोंदींत तिचे पहिले १७ बिट कायम तेच होते आणि उरलेले १५ बिट नुसते क्रमाने वाढत होते. पुढची संख्या अशी ओळखता आली, तर थोडा वेळ हाती लागलेल्या कार्डाकडून तिच्यासाठीचा क्रिप्टोग्राम आधीच काढून घेता येतो आणि नंतर त्या मशीनवर वापरता येतो. अशा वेळी बँकेकडचे गणित अगदी बरोबर जुळते. मशीनमधला हा दोष उघड होतो तो तिच्या अनेक व्यवहारांतल्या संख्या ओळीने मांडून पाहिल्यावर.