निलंबित व्यापारी खाते पुन्हा सुरू करण्याची विनंती

पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे स्वीकारून विक्रेत्यापर्यंत पोहोचवणारी संस्था, किंवा तत्सम सेवादात्याने एखाद्या विक्रेत्याचे व्यापारी खाते थांबवल्यानंतर, ते पूर्ववत सुरू व्हावे यासाठी विक्रेत्याने कागदपत्रांसह केलेला लेखी खुलासा म्हणजे ही विनंती होय. खाते निलंबित झाले की नवी रक्कम स्वीकारता येत नाही आणि बहुधा आधीच्या विक्रीचे सेटलमेंट, म्हणजे विक्रेत्याच्या बँक खात्यात जायची रक्कमही, अडकते. ग्रामीण विदर्भात हा प्रसंग मुख्यतः हंगामी शेतमाल थेट ग्राहकाला विकणाऱ्यांवर येतो.

निलंबन आणि बँक खाते गोठवले जाणे यांत प्रथम फरक करावा लागतो. सायबर गुन्ह्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी बँकेला कळवून रक्कम रोखली असेल, तर सेवादात्याला कितीही पत्रे लिहिली तरी उपयोग होत नाही. तो मार्ग बँक आणि संबंधित पोलीस ठाण्याकडून जातो. डॅशबोर्डवर सेटलमेंट ‘होल्ड’वर दिसत असेल, पण बँक खात्यातून नेहमीप्रमाणे पैसे काढता येत असतील, तर अडथळा सेवादात्याकडे आहे असे बहुतेक वेळा समजता येते.

रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पेमेंट ॲग्रिगेटरवर विक्रेत्यांची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी आली. कार्डाने पैसे भरलेला ग्राहक पुढे ते परत मागू शकतो, आणि तोवर विक्रेता निघून गेला असेल तर भुर्दंड मधल्या संस्थांवर पडतो. यालाच चार्जबॅकची जोखीम म्हणतात. म्हणून तपासणाऱ्याच्या मनात प्रश्न असतात ते हे: हा माणूस खरा आहे का, माल खरोखर पोहोचतो का, आणि ही अचानक वाढ कुठून आली? विनंतीपत्र या प्रश्नांना उत्तर देत नसेल, तर त्यातील अडचणींचे वर्णन कितीही खरे असले तरी निर्णयावर त्याचा परिणाम होत नाही.

विदर्भातील शेतमालाचा व्यवहार या तपासणीत सहज संशयास्पद ठरतो, आणि त्यात विक्रेत्याचा दोष नसतो. संत्र्याचा आंबिया बहार साधारण नोव्हेंबरपासून बाजारात येतो आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर. मधले महिने कोरडे जातात. त्यामुळे पावसाळ्यात उघडलेले खाते महिनोन्‌महिने जवळजवळ रिकामे राहते आणि एका आठवड्यात लाखांवर पोहोचते. फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्याचा आलेखही नेमका असाच दिसतो. त्यात कागदावरील नावांची भर पडते. पॅनवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, सातबारा सासऱ्यांच्या नावे, वीजबिल दिराच्या नावे आणि पत्ता ‘मु. पो.’ एवढाच, घर क्रमांकाशिवाय, हे चित्र गावात नित्याचे आहे.

उदाहरणादाखल वरूड तालुक्यातील एका संत्रा विक्रेतीचे प्रकरण कल्पू. तिने जुलैमध्ये खाते उघडताना व्यवसायाचा प्रकार ‘किराणा’ निवडला आणि मासिक उलाढाल 40,000 रुपये अंदाजली. नोव्हेंबरमध्ये पुणे आणि मुंबईहून नऊ दिवसांत 214 पेट्यांची मागणी आली. वाहतुकीसह पेटी 1,450 रुपयांना, म्हणजे एकूण 3,10,300 रुपये झाले. काही पेट्या वाटेत अडकून फळ खराब झाले, सहा ग्राहकांनी तक्रार केली आणि दहाव्या दिवशी खाते थांबले. तिच्या पहिल्या ईमेलमध्ये हंगाम चालू असल्याचे आणि मजुरांचे पैसे द्यायचे असल्याचे लिहिले होते. आधार आणि पॅनच्या प्रती सोबत होत्या. उत्तर नकारार्थी आले, कारण ही कागदपत्रे सेवादात्याकडे आधीपासूनच होती आणि विचारलेल्या गोष्टीला स्पर्शही झाला नव्हता.

दुसऱ्या पत्राचा गाभा एक तक्ता होता. प्रत्येक ओळीत डॅशबोर्डवरील पेमेंट आयडी, बिल क्रमांक, बिल्टी किंवा ट्रॅव्हल्सच्या पार्सल पावतीचा क्रमांक आणि पोहोच दिनांक. त्यातून 187 पेट्या पोहोचल्या, 21 वाटेत आहेत आणि 6 वादात आहेत, असा पूर्ण 214 चा हिशेब जुळत होता. या जुळणीला सर्वाधिक वजन असते, कारण तपासणारा कोणत्याही पाच ओळी उचलून पावत्यांशी ताडून पाहू शकतो. बेरीज एका पेटीनेही चुकली तर उरलेल्या ओळींवरचा विश्वास उडतो. म्हणून पावती सापडत नसेल तिथे तसे स्पष्ट लिहावे. मागील तारखेची बिले बनवणे हा सर्वांत घातक मार्ग होय.

खुलासा एका पानात मावला: “खाते उघडताना मी प्रकार ‘किराणा’ निवडला, ती माझी चूक होती. माझा व्यवसाय ताजी संत्री विकण्याचा असून विक्री नोव्हेंबर ते जानेवारी आणि पुढे मृग बहारात होते. या हंगामात महिन्याला सुमारे 6 लाख रुपयांची विक्री अपेक्षित आहे.” मालाचा उगम दाखवण्यासाठी पीकपाहणीत संत्र्याची नोंद असलेला सातबारा आणि जमीन सासऱ्यांच्या नावे असल्याने त्यांचे संमतीपत्र जोडले होते. व्यवसायाच्या पुराव्यासाठी उद्यम नोंदणी आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक होता. नावांतील फरकासाठी विवाह प्रमाणपत्र पुरेसे ठरले. तपासणारा मराठी वाचणारा असेलच असे नाही, म्हणून प्रत्येक मराठी कागदावर तो काय आहे आणि त्यातील कोणती ओळ पाहायची, हे इंग्रजीत एका वाक्यात लिहिले होते. ही लहानशी काळजी अनेकदा दुर्लक्षिली जाते.

सहा वादग्रस्त पेट्यांचे 8,700 रुपये रोखलेल्या रकमेतूनच परत करावेत, अशी तिने विनंती केली. ग्राहकाला स्वतःच्या फोनवरून यूपीआयने पैसे परत करण्याचा मोह होतो, परंतु तो परतावा मूळ व्यवहाराशी जोडला जात नाही. ग्राहकाने नंतर चार्जबॅक मागितला तर तीच रक्कम दुसऱ्यांदा जाऊ शकते.

उत्तराची वाट पाहताना एकाच तिकिटावर, म्हणजे सेवादात्याकडे नोंदवलेल्या विनंतीच्या एकाच क्रमांकावर, राहावे. दररोज नवे तिकीट काढल्यास कागदपत्रे विखुरतात. भावाच्या नावाने दुसरे खाते उघडून विक्री चालू ठेवणे तर टाळलेच पाहिजे, कारण तोच फोन, तेच संकेतस्थळ किंवा तोच बँक खाते क्रमांक यांवरून संबंध उघड होतो आणि मूळ विनंतीही फेटाळली जाते. उत्तर न आल्यास सेवादात्याच्या संकेतस्थळावर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे तोच तक्ता पाठवावा.

खाते सुरू झाले तरी ते पूर्वीसारखेच असेल असे नाही. मासिक मर्यादा घातली जाते किंवा प्रत्येक सेटलमेंटचा काही भाग ठरावीक काळ राखून ठेवला जातो. खाते कायमचे बंद झाल्यास कार्डांवरील चार्जबॅकची मुदत संपेपर्यंत, म्हणजे बहुधा 120 दिवस किंवा त्याहून अधिक, शिल्लक रोखली जाऊ शकते. कोणाशी व्यवहार ठेवावा हा सेवादात्याचा व्यावसायिक निर्णय समजला जातो, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेत असे निर्णय तक्रारीच्या कक्षेबाहेर ठेवले होते. त्यामुळे पुनर्स्थापना नाकारली गेल्यास मागणी बदलावी लागते: खाते सुरू करा असे न म्हणता, पोहोच सिद्ध झालेल्या पेट्यांची रक्कम कोणत्या तारखेला मिळेल, हे लेखी विचारावे. वरील प्रकरणात 187 पेट्यांचे 2,71,150 रुपये ही ती रक्कम होय.