लोखंडी कपाटातील व ट्रंकेतील कागदपत्रे वाळवी आणि उंदरांपासून कशी जपावीत
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून कपाट किंवा ट्रंक नेणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना वाटते की लाकडाऐवजी लोखंड घरात आले म्हणजे वाळवीचा प्रश्न मिटला. वाळवी पत्रा खात नाही हे खरे आहे, परंतु तिला पत्रा खावा लागतच नाही. पाठच्या पत्र्यातील रिकामे राहिलेले बोल्टचे भोक, गंजून झिजलेला तळ किंवा दोन पत्र्यांच्या जोडातील फट यांपैकी एक वाट मिळाली तरी तिला पुरते. कपाटे आणि ट्रंका बनवताना व दुरुस्त करताना आम्हाला जे वारंवार दिसते, ते या पत्रकात लिहिले आहे.

आपल्याकडे कागदांचे सर्वाधिक नुकसान करणारी वाळवी जमिनीत राहते. तिची त्वचा पातळ असते आणि कोरड्या उघड्या हवेत ती फार काळ जगत नाही. म्हणून ती माती आणि लाळ यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधते व त्या नळीच्या आतून ओल टिकवत, उजेड टाळत अन्नापर्यंत पोहोचते. कागद, पुठ्ठा, सुती कापड आणि वहीच्या पाठीला लावलेली खळ हे सारे तिचे अन्न आहे. तिचे वारूळ मात्र बहुधा भिंतीच्या पायाखाली किंवा अंगणातील मातीत असते. त्यामुळे कपाटात दिसलेली वाळवी झटकून टाकली तरी दुसरी खेप त्याच नळीने वर येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका किराणा दुकानदारांचे उदाहरण सांगतो. त्यांच्या घराच्या भिंती जांभ्याच्या असून कपाट पाठीमागील भिंतीला अगदी चिकटवून ठेवले होते. खालच्या कप्प्यात वडिलांच्या काळातील कीर्द आणि खतावण्या अशा चौदा चोपड्या उभ्या लावलेल्या होत्या, कप्प्यात वर्तमानपत्र अंथरलेले होते आणि चोपड्यांच्या पाठी मागच्या पत्र्याला टेकलेल्या होत्या. पावसाळ्यानंतर चार चोपड्या हाताला हलक्या लागल्या. बाहेरून पुठ्ठा शाबूत होता, पण आत पानांऐवजी ओलसर मातीचे थर भरलेले होते. कपाट पुढे ओढल्यावर कारण दिसले. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथून मातीची नळी गिलाव्यावर सुमारे दोन फूट चढली होती, तेथून ती भिंत आणि पत्रा यांमधील बोटभर जागा ओलांडून बोल्टच्या एका रिकाम्या भोकातून आत शिरली होती. पुढून पाहताना यातले काहीच दिसण्यासारखे नव्हते. वरच्या कप्प्यातील खरेदीखत आणि मुलांची गुणपत्रके वाचली, परंतु ती प्लास्टिकच्या फोल्डरमुळे नव्हे, तर वाळवी अजून तेवढ्या उंचीपर्यंत पोहोचली नव्हती म्हणून. मऊ प्लास्टिक ती कुरतडून आत जाऊ शकते.

कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर का ठेवावे

कपाटाची पाठ भिंतीपासून किमान सहा इंच आणि तळ जमिनीपासून किमान चार इंच दूर असावा, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. या अंतरामुळे वाळवी थांबत नाही, कारण ती पायावरूनही नळी बांधत वर येऊ शकते. अंतराचा खरा उपयोग असा की नळी उघड्यावर बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. ज्या कपाटाच्या मागे बॅटरीचा झोत टाकून पाहता येते, त्या कपाटातील कागदांची निगा राखणे शक्य असते. ट्रंकेलाही हेच लागू आहे. ती थेट फरशीवर किंवा लाकडी फळीवर ठेवू नये, लोखंडी पट्ट्यांच्या घोडीवर ठेवावी. फळी हे वाळवीचे अन्न असून ट्रंकेखाली ती कोणालाही दिसत नाही. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी पद्धत आम्ही सुचवत नाही, कारण त्यांत डास होतात आणि पाय गंजतात. रॉकेल तर कागदांजवळ अजिबात ठेवू नये.

भिंतीला चिकटलेल्या कपाटाला आणखी एक त्रास होतो. पावसाळ्यात थंड भिंतीमुळे पाठचा पत्राही थंड राहतो, त्यावर दमट हवेचे बारीक पाणी जमते आणि त्याला टेकलेले कागद ओले होतात. त्यातून बुरशी आणि गंजाचे डाग येतात, आणि ओलसर कागद वाळवीला कोरड्यापेक्षा अधिक सोयीचा असतो. म्हणून कप्प्यात कागद पाठच्या पत्र्यापासून दोन इंच पुढे ठेवावेत. कप्प्यात वर्तमानपत्र अंथरण्याची सवय आम्हाला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यामुळे वाळवीला आयते अन्न मिळते व त्याखालची हालचाल झाकली जाते.

पाठच्या व तळाच्या पत्र्यातील वापरात नसलेली भोके वॉशर घालून नटबोल्टने किंवा एपॉक्सी पुट्टीने पूर्ण बंद करावीत. दारावरच्या हवेच्या पट्ट्या मात्र बंद करू नयेत. त्या समोरच असल्याने तिथे नळी आली तर ती नजरेतून सुटत नाही, आणि कपाटाला थोडी हवा लागतेच.

वाळवी जिवंत आहे की नाही हे कसे ओळखावे

भिंतीवर नळी दिसली तर ती एकदम पुसून टाकू नये. तिचा मधला दोन बोटे रुंदीचा भाग मोडावा आणि दोन-तीन दिवसांनी पाहावे. तेवढ्यात तो भाग ओल्या मातीने पुन्हा जोडला गेला, तर खाली वारूळ चालू आहे. जोडला गेला नाही तरी महिनाभर लक्ष ठेवावे, कारण वाळवी वाट बदलते. पहिल्या पावसानंतर कपाटाच्या पायाशी किंवा खिडकीखाली गळून पडलेल्या पंखांचा ढीग दिसला, तर वारूळ घराच्या जवळ असल्याचे ते चिन्ह आहे.

वारूळ चालू असल्यास उपाय जमिनीत करावा लागतो आणि तो परवानाधारक कीटकनियंत्रण करणाऱ्यांकडूनच करून घ्यावा. राहत्या घरासाठी भारतीय मानकातील पद्धत अशी आहे की भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण एक-एक फुटावर भोके पाडून त्यांतून औषध जमिनीत सोडले जाते. हे काम आम्ही करत नाही. कपाटातील कागदांवर घरगुती कीटकनाशक फवारू नये, कारण शाई पसरते, डाग पडतात, आणि वारुळावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. त्या भिंतीत नळाची गळती असेल तर ती आधी दुरुस्त करावी, अन्यथा तिथे ओल कायम राहील.

डांबरगोळ्यांविषयी विचारणा नेहमी होते. बंद ट्रंकेत त्यांच्या वासाने कसरीसारखे किडे काही प्रमाणात दूर राहतात, परंतु जमिनीतून येणारी वाळवी आणि उंदीर त्यांच्याने थांबत नाहीत. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा कापडात बांधलेले वेखंड ठेवण्यास आमची हरकत नाही, मात्र त्यावर विसंबून तपासणी सोडू नये. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या झाकण घट्ट बसणाऱ्या ट्रंकेतच उपयोगी पडतात. रोज उघडल्या जाणाऱ्या कपाटात त्या काही दिवसांत निकामी होतात.

उंदीर

लहान उंदराच्या पिल्लाला सहा-सात मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी फट आत शिरण्यास पुरते. ट्रंकेचे झाकण एका कोपऱ्यात वाकलेले असते किंवा कडी-कोयंडा सैल झाल्याने झाकण एका बाजूने उचलले जाते, आणि नेमकी तिथूनच ही वाट निघते. कपाटात तो बहुधा नीट न लागलेल्या दारातून किंवा तळाच्या मोकळ्या पोकळीतून येतो. साधी पेन्सिल घेऊन कपाटाच्या आणि ट्रंकेच्या सर्व कडांवर फिरवावी. ती जिथे आत जाते तिथे दुरुस्ती हवी. फट मोठी असल्यास जाड जस्ताच्या जाळीचा तुकडा बसवावा, जाळीची भोके सहा मिलिमीटरहून लहान असावीत. फेस किंवा कापूस कोंबू नये, कारण उंदीर ते कुरतडून काढतो.

उंदीर कागद खाण्यासाठी कमी आणि घरटे करण्यासाठी अधिक फाडतो. त्यामुळे बारीक फाडलेल्या कागदाचा गोळा दिसला तर तिथे पिल्ले असण्याची शक्यता धरावी. कागदांच्या कपाटात धान्य, सुके खोबरे किंवा दिवाळीचा फराळ ठेवू नये. विषारी गोळ्याही आत ठेवू नयेत, कारण उंदीर आतच मेला तर कागदांवर बसलेला डाग व वास जात नाही. पिंजरा बाहेर, भिंतीच्या कडेने लावावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून कापडाने उचलाव्यात, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोचा संसर्ग होतो.

कागदांना वाळवी लागलीच असेल तर

वाळवी लागलेली चोपडी घाईने झटकू अथवा जाळू नये. ती कोरड्या, उजेडाच्या जागी, परंतु उन्हात नव्हे, अलगद उघडावी आणि मऊ ब्रशने माती झाडावी. नळीपासून तुटलेली वाळवी कोरड्या हवेत स्वतःच मरते. चिकटलेली ओली पाने ओढून सोडवू नयेत. ती पंख्याखाली सावकाश सुकू द्यावीत. ज्या पानांवरील अक्षरे टिकून आहेत त्यांचे त्याच दिवशी छायाचित्र काढावे, कारण सुकताना कडा मोडतात.

कुठला कागद कुठे ठेवावा, हे तो पुन्हा मिळू शकतो की नाही यावरून ठरवावे. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, सात-बारा उतारा पुन्हा काढता येतो आणि गुणपत्रकाची दुसरी प्रत मंडळाकडून मागता येते. यासाठी वेळ आणि खर्च लागतो, पण वाट असते. दुकानाच्या कीर्दी, मोडीतील जुने कागद, घरगुती वाटणीचे कागद आणि हस्तलिखित पावत्या यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. म्हणून त्यांना मधला किंवा वरचा कप्पा द्यावा, सुती कापडात बांधून आडवे ठेवावे, आणि त्यांचे छायाचित्रण उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना करून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नयेत. ती पुढे सोडवता येत नाहीत आणि त्यावर शिक्का किंवा सही लागल्यास अडचण होते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन कपाटाची पाठ, पाय आणि ट्रंकेचा तळ पाहावा. भोक, वाकलेले झाकण किंवा गंजलेला तळ आढळल्यास त्याचे छायाचित्र घेऊन आमच्याकडे यावे. पाठचा पत्रा बदलण्याचे काम कपाट रिकामे असतानाच होते, त्यामुळे येण्यापूर्वी कागद बाजूला काढून ठेवावेत.